बसलेल्या बाईमागचं आभाळ

वर्षाली तांडेल आयुष्यात पहिल्यांदा कशावर हसली असेल, तर ती माणसांच्या नाकपुड्यांवर. चार वर्षांची असल्यापासून ती आईशेजारी डोंबिवलीच्या मासळी बाजारात बसायची. आई ओट्यावर आणि ही खाली, उलट्या बादलीवर. तिथून जग दिसायचं ते असं: आधी चपला, मग पिशव्या, मग पोटं, त्याच्या वर हनुवट्या, आणि अगदी टोकाला दोन नाकपुड्या. गिऱ्हाईक कितीही मोठ्या हुद्द्यावरचं असो, नाकपुड्या त्यालाही दोनच. हे तिनं फार लवकर ओळखलं आणि पुढं माणसांना घाबरायचं जवळजवळ सोडूनच दिलं.

राहायची डोंबिवली पश्चिमेला, खाडीकाठच्या मोठागावात. जात कोळ्यांची, पण बापाची होडी विकली गेली तेव्हा ती दुसरीत होती. खाडीत मासळी उरली नव्हती, त्यामुळे आई चंद्रभागा पहाटे चार बायकांसोबत टेम्पोनं मुंबईच्या धक्क्यावर जायची आणि तिथला माल आणून विकायची. अजूनही जाते. वर्षाली बारावी झाली, डीटीपी शिकली आणि सोळा वर्षं मानपाड्याच्या एका प्रेसमध्ये लग्नपत्रिका जुळवत बसली. मध्ये तिचं स्वतःचंही लग्न झालं, ते तीन वर्षं टिकलं. तो विषय घरात कोणी काढत नाही आणि आपणही काढायला नको.

पत्रिका मोबाईलवर जायला लागल्या तशी प्रेस बंद पडली. मग माजिवड्याच्या एका लहान जाहिरात स्टुडिओत तिला काम मिळालं. तिथं आता चित्रं काढत नाहीत, फोटोही क्वचितच काढतात. संगणकाला शब्दांत सांगायचं, तो चित्र बनवून देतो. त्या शब्दांना प्रॉम्प्ट म्हणतात. स्टुडिओचा मालक सलिल, वय बत्तीस, दाढी नीट कापलेली, प्रत्येक वाक्यात 'बेसिकली'. त्यानं तिला तीन महिन्यांसाठी घेतलं होतं. जमलं तर प्रॉम्प्टच्या खुर्चीवर कायम, नाही जमलं तर नमस्कार. सदतिसाव्या वर्षी पुन्हा कोणाच्या दारात अर्ज घेऊन उभं राहायचं म्हणजे काय, हे सलिलला कळण्याचं कारण नव्हतं. वर्षालीला पुरेपूर कळत होतं.

तिसरा महिना संपायला आठ दिवस राहिले आणि मासळी महोत्सवाचं काम आलं.

महोत्सव जानेवारीत, ठाण्यात. समितीचे अध्यक्ष अण्णा, साठीतले, पांढरा सदरा, हातात दोन फोन. मोठ्या चौकात लावायला चाळीस फूट रुंद आणि वीस फूट उंच होर्डिंग हवं होतं. त्यावर एकच कोळीण.

"ताकद दिसली पायजे," अण्णा म्हणाले. "नाचनारी नको, लाजनारी नको. आमच्या बायकांनी घरं उभी केलेली हायत."

"बेसिकली लो अँगल हीरो शॉट," सलिल म्हणाला. "कॅमेरा खाली, कॅरेक्टर वर, मागे फुल आभाळ. होऊन जाईल, अण्णा. आमच्या वर्षालीताई करतील."

काम होऊन जाईल तेव्हा 'आमच्या', अडकलं की 'तुमच्या', ही सलिलची पद्धत तिला एव्हाना माहीत झाली होती.

पहिल्या दिवशी सलिलनंच त्याच्या नमुन्याच्या कागदावरून प्रॉम्प्ट टाकून दाखवला. शक्तिशाली, भव्य, निर्भय, वीरांगना, मागे वादळी ढग आणि विजा. चित्र आलं ते बघण्यासारखं होतं. बाईचे दंड पैलवानाचे, छातीवर चिलखत, डोळ्यांतून निळा प्रकाश आणि हातात मासा तलवारीसारखा धरलेला. कॅमेरा मात्र समोर, डोळ्यांच्या उंचीवर, लग्नाच्या फोटोग्राफरसारखा मख्ख उभा.

वर्षालीनं ते पुसलं. तिला या कामातलं एक मर्म पहिल्याच महिन्यात कळलं होतं. मशीनला 'ताकदवान' म्हटलं की ते माणूस बदलतं, त्याला दंड लावतं. आपल्याला माणूस बदलायचा नसतो, बघणाऱ्याची जागा बदलायची असते. तेव्हा विशेषणं काढायची आणि कॅमेरा कुठं ठेवलाय ते सांगायचं. जमिनीपासून वीतभर उंच, वर रोखलेला. क्षितिजाची रेघ चित्राच्या खालच्या पाचव्या हिश्श्यात. हनुवटीची खालची बाजू दिसते आहे. डोकं मोकळ्या आभाळावर, वरच्या कडेच्या जवळ. दूरच्या होड्या नखाएवढ्या, तिच्या घोट्यापाशी. पक्षी टिंबांएवढे. होडी केवढी असते हे बघणाऱ्याला माहीत असतं, त्यामुळे होडी लहान दिसली की बाई आपोआप मोठी होते. एवढं सांगितलं की 'भव्य' हा शब्द लिहावाच लागत नाही.

वादळही तिनं काढलं.

"ढग का काढले? ड्रामा गेला ना," सलिल म्हणाला.

"असल्या आभाळाखाली कोणी होडी काढत नाही," ती म्हणाली. "महोत्सवाला येणाऱ्या बायकांना त्या ढगात ताकद नाही दिसणार. कोण परत आलं नाही ते आठवेल."

वादळाच्या जागी तिनं जानेवारीचं आभाळ लिहिलं, वर गडद निळं, खाली येता येता फिकं, आणि बाईच्या पाठीमागून वर पसरत गेलेले पिंजलेल्या कापसासारखे पातळ ढग. ऊन मागून नको, मागून घेतलं की चेहरा काळा पडतो. कलतं ऊन, डाव्या बाजूनं.

इथवर सगळं रीतसर होतं. घोडं अडलं ते पुढं. बाईच्या डोक्यावर पाटी द्यायची ठरली होती, आणि पाटी म्हटल्यावर वर्षालीचा हात आवरेना. कोळणीची पोर ती. तिनं पाटीत सुरमई घातली, पापलेटं घातली, ती आई लावते तशी पोटं वर करून गोलात लावली, मध्ये कोळंबीचा ढीग, कडेला बोंबील. रिकामी पाटी घेऊन निघालेली बाई तिला कल्पनेतही सोसवली नसती. मासळी सुरेख उतरली. पण कॅमेरा वर चढून बसला. तिनं 'अगदी खालून' लिहिलं, 'मुंगीच्या नजरेतून' लिहिलं, दोनदा लिहिलं, वाक्याच्या सुरुवातीला आणलं. कॅमेरा थोडा खाली यायचा आणि पुढच्या चित्रात पुन्हा वर. बाई कधी कमरेपासून, कधी थेट डोक्यावरून टिपलेली. शनिवार संध्याकाळपर्यंत साठ-सत्तर चित्रं झाली. एकातही ती कोणाची हीरो वाटत नव्हती. चांगली बाजार करून निघालेली बाई वाटत होती.

"मंगळवारी अकराला मीटिंग आहे," सलिल म्हणाला. आवाज चढवला नाही, ते जास्त वाईट होतं. "नाही जमलं तर मी स्टॉकमधून काहीतरी घेतो, तयार फोटो विकत मिळतात. मग बाकीचं बोलू."

बाकीचं म्हणजे काय ते दोघांनाही माहीत होतं.

रविवारी सकाळी ती आईच्या बाजारात गेली. खालून दोन-चार फोटो काढून बघावेत, एवढाच बेत. चंद्रभागा ओट्यावर बसली होती, एक गुडघा उभा, दुसरा पाय पाटावर. त्या लाकडी पाटाला उभा कोयता बसवलेला असतो. पाट पायानं दाबून धरायचा आणि मासा दोन्ही हातांनी पात्यावर ओढायचा. पन्नास वर्षांत तिनं किती मासे ओढले असतील, देव जाणे.

"इकडं कशाला ओल्यात बसतेस गो? कपडे बघ तुझे."

"काम आहे, आये. तू तुझं कर."

वर्षाली ओट्याखाली बसली, लहानपणी बसायची तिथंच, आणि फोन वर धरला. शेजारची बाई भरलेली पाटी डोक्यावर घेऊन पुढून गेली. वर्षालीनं फोटो काढला, बघितला आणि स्वतःच्याच कपाळावर हात मारून घेतला. फोटोत पाटीचं बूड होतं. बांबूची वीण, त्यातून गळणारं पाणी, काठावरून बाहेर आलेली दोन शेपटं. बस. एकही पापलेट नाही. असणार कसं? पाटीतलं बघायचं तर पाटीच्या वर जावं लागतं. ती मशीनला एका तोंडानं खाली बस म्हणत होती आणि दुसऱ्या तोंडानं पाटीतले मासे मोजून दाखव म्हणत होती. मशीन बिचारं जे जास्त ठासून सांगितलंय ते ऐकत होतं, आणि मासळीबद्दल तिच्याइतकं ठासून कोण सांगणार? चूक मशीनची नव्हती. इतकी वर्षं झाली तरी आईची पाटी लोकांना दाखवायची हौस तिची फिटली नव्हती, ती हौस आडवी आली होती.

सोमवारी तिनं मासे काढले. 'मासे नकोत' असं लिहिलं नाही. नको म्हणून नाव घेतलं तरी मशीनला नावच ऐकू जातं, हे ती शिकली होती. नुसता उल्लेखच गाळला. पाटीची खालची वीण, ओघळणारं पाणी, काठावर दोन शेपट्या. तिसऱ्याच चित्राला कॅमेरा जमिनीला टेकला. बाई उभी राहिली ती अशी की पाटी आभाळाला लागली. घोट्यापाशी होड्या, खाडीवरचा पूल तिच्या पोटरीच्याही खाली. उजवीकडं ती आणि डावीकडं अक्षरांसाठी मोकळं निळं आभाळ. मशीननं भलतंच नेसवलेलं लुगडं दुपारपर्यंत दुरुस्त झालं, बोटं पाच पाच झाली.

"बेसिकली, हेच," सलिल म्हणाला, आणि पहिल्यांदाच तिच्यासाठी स्वतः चहा घेऊन आला. "ताई, टेन्शन गेलं आता. खुर्ची तुमची."

वर्षाली स्कूटरनं पूल ओलांडून घरी आली तेव्हा तिला खरोखर हलकं वाटत होतं. चंद्रभागा पडवीत पाय पसरून बसली होती. वर्षालीनं तिच्या हातात फोन दिला. तिनं फोन लांब धरला, मग जवळ आणला.

"झकास हाय," ती म्हणाली. "कोन ही?"

"कोणी नाही. मशीननं बनवलेली."

"मंग बरोबर." चंद्रभागानं फोन परत दिला. "उभी हाय. मी कंदी उभी व्हते?"

"अगं, उभी असली की मोठी दिसते. लोकांनी खालून वर बघायचं, म्हणून."

"उभा तर इजेचा खांब पन असतो," चंद्रभागा म्हणाली. "आम्ही बसून धंदा केला. बसूनच पोरं वाढवली. उभं रायचं गिऱ्हाइकानी. तुला आई मोठी दाखवायची तर तिला आधी उठवाय लागते, व्हय?"

ती रागावली नव्हती. पाय चोळता चोळता सहज बोलली आणि भात टाकायला आत गेली. वर्षालीला मात्र ते लागलं. वाईट वाटलं, आणि आईच्या आधी आपल्याला हे का सुचलं नाही याची लाजही वाटली. जिनं सगळा जन्म ओट्यावर काढला तिला ताठ उभं केल्याशिवाय मोठेपण द्यायची अक्कल आपल्याला नाही? आणि प्रेसमधली सोळा वर्षं आपण तरी बसूनच काढली ना?

पण खुर्ची हातात आली होती. मंजूर झालेल्या चित्राला हात लावायचा म्हणजे शहाणपण नव्हे. तिनं स्वतःला हे दोनदा सांगितलं. मग सकाळी सातला ती स्टुडिओ उघडून बसली.

बसलेली बाई खालून मोठी दाखवणं किती अवघड आहे ते तिला पहिल्या दहा मिनिटांत कळलं. कॅमेरा समोर ठेवला तर उभा गुडघाच डोंगरासारखा पुढं आला आणि मागं डोकं लिंबाएवढं झालं. भिंग जितकं रुंद, तितकी जवळची वस्तू फुगते. तेव्हा तिनं रुंद भिंग सोडलं, कॅमेरा चार पावलं मागं घेतला आणि बाजूला नेला, म्हणजे गुडघा आडवा पडला आणि खांदा, मान, चेहरा एका चढत्या रेषेत आले. मग गिऱ्हाईकं. बाजार म्हटला की मशीन माणसं उभी करायचं, आणि बसलेल्या बाईशेजारी कोणीही उभं राहिलं की ती बुटकी. पहिल्यांदा तिनं सगळ्यांना घालवलं, तर बाई एकटी, धंदा नसलेली दिसू लागली. तेव्हा माणसं परत बोलावली, पण लांब, धक्क्याच्या टोकाला, होड्यांच्या शेजारी, ओट्याच्या कडेखाली. आता उभी माणसं ओट्याच्या उंचीची होती आणि बसलेली बाई त्यांच्या कितीतरी वर.

बाजाराचं छप्पर काढलं. ओटा खाडीकाठी उघड्यावर आणला. कॅमेरा ओट्याच्या पायथ्याशी, म्हणून ओट्यावरचा माल दिसणार नाही, फक्त कडेवरून लोंबणारी एक शेपटी. आता तो मोह तिला झाला नाही. पुढं कोयत्याचं पातं, सगळ्यात जवळ, खालून वर गेलेलं. पात्यामागं तिचे हात. हातांच्या वर, जिथं आजवर नेहमी गिऱ्हाइकाचं पोट असायचं तिथं, नुसतं आभाळ. आणि नजर खाली, कॅमेऱ्याकडं, भाव एकदा सांगून झालेल्या बाईची.

साडेदहाला शेवटचं चित्र आलं. तिनं ते लॅपटॉपवर उभ्या कोळणीच्या पुढं ठेवलं आणि फोनवरही घेतलं. सलिलनं पाहिलं आणि मान हलवली.

"भारी आहे. पण दाखवायचं नाही. त्यांनी उभी मागितलीय ना? आपण कन्फ्यूज करायचं नाही क्लायंटला. ताई, प्लीज."

मीटिंग समितीच्या कार्यालयात झाली. अण्णा आणि आणखी दोघं. उभी कोळीण पडद्यावर आली. अण्णांनी दोन्ही फोन टेबलावर ठेवले.

"वा. येकदम पायजे तशी. फायनल."

सलिलनं लॅपटॉप मिटायला हात पुढं केला. वर्षालीला वाटलं, आता गप्प बसावं. सहज बसता आलं असतं.

"अजून एक आहे, अण्णा," ती म्हणाली. "बसलेली."

सलिलनं तिच्याकडं पाहिलं. तिनं त्याच्याकडं पाहिलं नाही, बटण दाबलं.

समितीच्या दोघांतल्या एकानं 'बसलेली बाई होर्डिंगवर...' अशी सुरुवात केली आणि सोडून दिली. अण्णा पुढं झुकून बघत होते. मग ते मागं टेकले.

"माझी आय कल्याणला बसायची," ते म्हणाले. "शाळा सुटली का मी जायचो पैसं मागायला. समोर हुबा रायचो. पुढं मोठा झालो, गाडी घेतली, तरी तिथंच जाऊन हुबा. गेली ती आता." त्यांनी पडद्याकडं बोट केलं. "मी तिला सगळी वर्षं वरूनच बगितली."

त्यांनी सदऱ्याच्या बाहीनं डोळे पुसले, कोणापासून न लपवता.

"ही लावा," ते म्हणाले.

खाली आल्यावर सलिल गाडीपाशी बराच वेळ किल्ली शोधत राहिला. मग म्हणाला, "पुन्हा असं मला न विचारता करायचं नाही, ताई." आणि थोड्या वेळानं, "उद्या दहाला या. कायमचं लेटर बनवून ठेवतो."

वर्षाली तिथून तडक डोंबिवलीला आली. दुपारचे अडीच वाजले होते, बाजार उतरला होता. चंद्रभागा ओट्यावर पाणी मारत होती. वर्षालीनं काही न सांगता फोन तिच्यापुढं धरला. चंद्रभागानं ओले हात पदराला पुसले आणि फोन घेतला. या वेळी तो लांबही धरला नाही, जवळही नाही. आधी पात्याकडं बघितलं, मग हातांकडं, मग चेहऱ्याकडं. हात कोणाचे होते ते मशीनला माहीत नव्हतं, पण ते बऱ्यापैकी जमले होते.

मासळी संपली की ती रोज लगेच उठायची, कंबर धरून, ओट्याला रेटा देत. त्या दिवशी उठली नाही. फोन मांडीवर ठेवून, पाय तसाच पाटावर, ती रिकाम्या ओट्यावर बसून राहिली. वर्षाली खाली उभी होती. तिनं इकडंतिकडं पाहिलं, कोपऱ्यातली एक बादली उपडी केली आणि तिच्यावर बसली.